नोटिशीमागचा अधिकार कसा शोधावा

सरकारी नोटिशीच्या सुरुवातीला बहुतेक वेळा एका कायद्याचे पूर्ण नाव असते आणि त्याला ‘अन्वये’ जोडलेले असते. वाचणारा तिथेच दबतो. एवढा मोठा कायदा मागे उभा आहे म्हटल्यावर नोटिशीतले सगळेच कायदेशीर असणार, असे तो गृहीत धरतो. पण कोणताही अधिनियम कोणत्याही अधिकाऱ्याला सरसकट अधिकार देत नाही. एक विशिष्ट कलम एका विशिष्ट पदाला, ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक पद्धतीने काही करण्याची मुभा देते. ते कलम शोधायचे असेल तर कायद्याची रचना ओळखावी लागते. सामान्य वाचकालाही हे जमते. एका उदाहरणातून ते करून पाहू.

समजा, शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला पोलीस ठाण्यातून नोटीस आली. खाली पोलीस निरीक्षकांची सही आहे. मजकूर असा: “पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ व ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या आवारातील लॉनवर ध्वनिक्षेपकाचा वापर तात्काळ बंद करावा. ध्वनियंत्रणा जप्त करण्यात येत आहे. पुन्हा उल्लंघन झाल्यास वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. आपण पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहात.”

या नोटिशीत चार गोष्टी आहेत: बंदी, जप्ती, वीजतोड आणि शिक्षा. ‘अन्वये’ एकच असले तरी या चारही गोष्टींची कलमे वेगळी आहेत. म्हणून कायदा उघडण्याआधी नोटीस अशी तोडून घ्या आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र शोध करा.

सुरुवात नियमांच्या पहिल्या परिच्छेदापासून

नियम हे सरकारने केलेले असतात, संसदेने नव्हे. ते करण्याचा अधिकार सरकारला मूळ अधिनियमातून मिळतो. म्हणून नियमांच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या नियमाच्याही आधी, एक लांब वाक्य असते. ते ओलांडून पुढे जाऊ नका. १४ फेब्रुवारी २००० रोजी राजपत्रात आलेल्या या ध्वनिप्रदूषण नियमांत ते वाक्य सांगते की, हे नियम अधिनियमाच्या कलम ३, ६ आणि २५ मधील अधिकार वापरून केले आहेत. आता मूळ अधिनियमात कुठे पाहायचे ते कळले. कलम ३ केंद्र सरकारला पर्यावरणाच्या रक्षणासाठी उपाय योजण्याचा सर्वसाधारण अधिकार देते, कलम ६ प्रदूषणाच्या मर्यादा ठरवणारे नियम करू देते आणि कलम २५ इतर बाबींवरचे नियम करण्यासाठी आहे.

वाचताना मजकूर अद्ययावत आहे ना, हे आधी बघा. केंद्रीय अधिनियम `indiacode.nic.in` वर मिळतात आणि अधिसूचना `egazette.gov.in` वर. या उदाहरणात ही खबरदारी फार महत्त्वाची आहे, कारण नियम २०१० मध्ये बदलले आणि अधिनियमाचे शिक्षेचे कलम २०२४ मध्ये. जुने पुस्तक हाती असेल तर दोन्हीकडे चुकीचे उत्तर मिळेल.

व्याख्या: कायदा कशाला आणि कोणाला लागू आहे

व्याख्यांचे कलम दोन प्रश्नांसाठी वाचावे. कायदा कोणत्या गोष्टीला लागू आहे आणि तो कोणत्या पदाबद्दल बोलतो आहे?

पहिला प्रश्न घेऊ. अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘पर्यावरण प्रदूषक’ म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ, अशी व्याख्या आहे. आवाज हा पदार्थ नाही. मग आवाजावरचे नियम या अधिनियमाखाली आले कसे? याची दोन उत्तरे रचनेतच आहेत. एक म्हणजे व्याख्यांच्या कलमाच्या आरंभी ‘संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर’ अशा अर्थाची अट असते, म्हणजे पुढच्या एखाद्या कलमाच्या संदर्भात व्याख्या थोडी सैल होऊ शकते. दुसरे म्हणजे कलम ६ मध्ये प्रदूषकांच्या कमाल मर्यादेचा उल्लेख करताना कंसात ‘ध्वनीसह’ असे स्पष्ट म्हटले आहे. आवाजाचे नियम या कंसावर उभे आहेत. व्याख्येत एखादी गोष्ट दिसली नाही म्हणून अधिकारच नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. नियमांना आधार देणारे कलम वाचल्याशिवाय व्याख्येचे वाचन पुरे होत नाही. १९८१ च्या हवा प्रदूषण अधिनियमात तर १९८७ च्या दुरुस्तीने ‘ध्वनीसह’ हे शब्द थेट व्याख्येतच घातले. संसदेला हवे असेल तेव्हा ती काय करते, हे त्यावरून दिसते.

दुसरा प्रश्न पदाचा. नियमांत जागोजागी ‘प्राधिकरण’ येते. नियम २ मधील त्याची व्याख्या दोन भागांत आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने प्रचलित कायद्यानुसार प्राधिकृत केलेला कोणताही अधिकारी हा पहिला भाग. दुसऱ्या भागात जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त आणि ध्वनीची मानके राखण्यासाठी नेमलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी येतो. पोलीस निरीक्षक हे उपअधीक्षकाच्या खालचे पद आहे. त्यामुळे दुसऱ्या भागात आपल्या नोटिशीवर सही करणारा अधिकारी बसत नाही. पहिल्या भागात तो बसू शकतो, पण त्यासाठी राज्य सरकारचा प्राधिकृत करणारा आदेश लागेल. म्हणून त्याच्याकडे मागायची पहिली गोष्ट हीच: त्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक.

अधिकार देणारे वाक्य आणि त्याच्या अटी

आता बंदीकडे येऊ. ‘करता येईल’, ‘निदेश देऊ शकेल’, ‘मनाई करू शकेल’ अशी क्रियापदे जिथे आहेत, तिथे अधिकार असतो. ‘करील’ जिथे आहे, तिथे कर्तव्य असते. असे वाक्य सापडले की त्यातून चार गोष्टी वेगळ्या काढा: कोण, कशावरून, कशासाठी आणि कोणत्या स्वरूपात.

बंदीचे वाक्य नियम ८ मध्ये आहे. त्याचा आशय असा: पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा तक्रारदारासह इतरांकडून मिळालेल्या माहितीवरून, लोकांना होणारा त्रास, व्यत्यय, अस्वस्थता किंवा इजा टाळण्यासाठी आवश्यक आहे अशी प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते लेखी आदेशाने संगीत, आवाज वा गोंगाट थांबवण्याचे किंवा नियंत्रित करण्याचे निदेश देऊ शकते. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी इथे अहवाल देणारा आहे. निर्णय प्राधिकरणाने घ्यायचा आहे. आपल्या नोटिशीत अहवाल देणाऱ्यानेच निर्णय दिला आहे. तो स्वतंत्र आदेशाने प्राधिकृत नसेल, तर बंदीचा हा भाग टिकणे अवघड आहे.

मात्र आदेश कमकुवत आहे म्हणून लॉनवर रात्री स्पीकर लावायची परवानगी मिळते असे नाही. नियम ५ स्वतंत्रपणे सांगतो की, प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो उघड्यावर वापरता येत नाही. सभागृह, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत संवादासाठी तो चालतो. लॉन ही बंदिस्त जागा नव्हे. म्हणजे मालकावर बंधन आहेच, त्यासाठी कोणाच्या नोटिशीची गरज नाही. कायदा थेट घालतो ते बंधन आणि अधिकाऱ्याने आदेश काढल्यावर लागू होते ते बंधन, हा फरक कायदा वाचताना सतत ध्यानात ठेवावा.

तक्रारदारालाही हे वाचन उपयोगी पडते. नियम ७ नुसार ध्वनीच्या मानकापेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. निवासी भागात दिवसाचे मानक ५५ डेसिबल आहे, म्हणजे तिथे ६५ ची पातळी लागते. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल तर तेवढ्यावरही तक्रार करता येते, यंत्राने मोजमाप करण्याची गरज नाही. तक्रार प्राधिकरणाकडे, म्हणजे योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिली तर पुढचा आदेश पक्का निघतो. चुकीच्या पदाने काढलेली नोटीस कोर्टात पडते, तेव्हा नुकसान तक्रारदाराचेच होते.

सोपवलेला अधिकार: साखळीतले प्रत्येक पाऊल

वीजतोडीची धमकी कुठून आली? अधिनियमाच्या कलम ५ मध्ये उद्योग किंवा प्रक्रिया बंद करण्याचे, तसेच वीज-पाणी थांबवण्याचे निदेश देण्याचा अधिकार आहे. पण तो केंद्र सरकारला आहे. पोलिसांचा तिथे उल्लेख नाही. मग तो खाली येतो कसा? त्यासाठी कलम २३ पाहा. केंद्र सरकार अधिसूचनेने आपले अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला, राज्य सरकारला किंवा प्राधिकरणाला सोपवू शकते. त्याच कलमात अपवादही आहेत: नियम करण्याचा आणि कलम ३ खाली प्राधिकरण स्थापन करण्याचा अधिकार सोपवता येत नाही. म्हणजे वीजतोडीचा आदेश देणाऱ्याने कलम २३ खालची, स्वतःच्या पदाचे नाव असलेली अधिसूचना दाखवायला हवी. शिवाय पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील नियम ४ सांगतो की, असे निदेश लेखी असावेत आणि हरकतींसाठी संबंधिताला किमान पंधरा दिवस द्यावेत. ही संधी टाळायची असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. आपल्या नोटिशीत अधिसूचना, मुदत आणि कारणे तिन्ही नाहीत.

अधिकार सोपवण्याबाबत एक गोष्ट ध्वनीच्याच नियमांत घडली आहे. नियम ५ च्या तिसऱ्या पोटनियमाने राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, सणासुदीला, रात्री दहा ते बारा सूट देण्याचा अधिकार दिला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पोटनियम वैध ठरवला, पण हा अधिकार राज्य सरकारने पुढे सोपवता येणार नाही आणि दिवस जिल्हावार वेगवेगळे ठरवता येणार नाहीत, असेही सांगितले. पुढे २०१० मध्ये नियमच दुरुस्त झाला आणि राज्य सरकारने प्राधिकृत केलेल्या जिल्हा प्राधिकरणालाही आपल्या हद्दीपुरते दिवस आधी जाहीर करता येतील, अशी तरतूद आली. आज एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने सूट देणारा आदेश काढला तर फक्त २००५ चा निकाल दाखवून चालणार नाही. आणि जिल्हाधिकाऱ्यालाही राज्य सरकारचे प्राधिकृत पत्र दाखवावेच लागेल. न्यायालयाचा निकाल वाचताना तो कोणत्या मजकुरावर दिला होता, हे म्हणूनच तपासावे.

जप्तीचेही असेच आहे. ध्वनिप्रदूषण नियमांत जप्तीची तरतूद नाही. मूळ अधिनियमाच्या कलम १० मध्ये प्रवेश, तपासणी आणि साहित्य जप्तीचा अधिकार आहे, पण तो ‘केंद्र सरकारने याबाबत अधिकार दिलेल्या’ व्यक्तीला. पोलिसांचा जप्तीचा सर्वसाधारण अधिकार वेगळा आहे. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेल्या वस्तूंबाबत आहे. म्हणून पुढचा प्रश्न उभा राहतो: गुन्हा कोणता?

शास्तीचे कलम: कोण ठरवणार आणि कोणती तारीख

नियमांत शिक्षा शोधू नका. मूळ अधिनियमाच्या कलम १५ मध्ये नियमांच्या भंगाचीही शिक्षा आहे. पूर्वी ती पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होती. आपल्या नोटिशीतली पाच वर्षे तिथून आली आहेत. पण जनविश्वास (तरतुदींची सुधारणा) अधिनियम, २०२३ ने हे कलम बदलले आणि तो बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता या भंगासाठी कैद नाही. दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत आर्थिक शास्ती आहे. ती न्यायनिर्णय अधिकारी चौकशी करून ठरवतो आणि त्याचा दर्जा भारत सरकारच्या सहसचिवाच्या किंवा राज्य सरकारच्या सचिवाच्या खालचा नसावा, अशी अट आहे. शास्ती भरली नाही तर मात्र गुन्हा होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. लग्नसमारंभ १ एप्रिल २०२४ नंतरचा असेल तर पाच वर्षांच्या कैदेची भाषा चूक आहे. आणि कलम १५ खालचा मूळ भंग आता गुन्हा नसल्यामुळे केवळ त्या कलमावर टेकून जप्ती करायची असेल तर पोलिसांना दुसरा आधार दाखवावा लागेल. शास्तीचे कलम वाचताना रक्कम शेवटी पाहा. आधी हे पाहा की ते कशाच्या भंगाला लागू आहे, ठरवणारा कोण आहे आणि न्यायालयाकडे जाण्याची वाट कोणती आहे.

व्यावृत्ती: जे शिल्लक ठेवले आहे ते

कायद्याच्या शेवटच्या भागात निरसन आणि व्यावृत्तीची कलमे असतात. वाचक तिथवर पोचत नाही आणि अनेकदा अधिकाऱ्याचा खरा आधार तिथेच सापडतो. तीन ठिकाणे पाहावीत.

पहिले ठिकाण म्हणजे इतर कायद्यांशी नाते सांगणारी वाक्ये. ध्वनिप्रदूषणाचा नियम ७ सांगतो की, प्राधिकरणाने या नियमांनुसार ‘आणि अमलात असलेल्या इतर कोणत्याही कायद्यानुसार’ कारवाई करावी. म्हणजे दुसरी दारे उघडी आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ मध्ये आवाज थांबवण्याचा अधिकार स्वतंत्रपणे आहे आणि सार्वजनिक उपद्रवाची शिक्षा भारतीय न्याय संहितेत आहे. नोटिशीत पर्यावरण अधिनियमाचे नाव चुकून घातले असेल, तरी यांपैकी एखादा अधिकार त्या पदाला खरोखर असू शकतो.

दुसरे ठिकाण म्हणजे सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७. प्रत्येक केंद्रीय कायद्याच्या मागे तो असतो. कलम ६ नुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, कायदा रद्द झाल्याने आधी ओढवलेले दायित्व संपत नाही. म्हणून मार्च २०२४ मधल्या भंगाचे उत्तर मे २०२४ मधल्या भंगासारखेच असेल असे समजू नये. कलम ८ नुसार जुन्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याला लागू होतो. कलम २४ नुसार जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना आणि आदेश, नव्या कायद्याशी विसंगत नसतील तर, चालू राहतात. महाराष्ट्राच्या कायद्यांसाठी राज्याचा स्वतंत्र सर्वसाधारण खंड अधिनियम आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे संरक्षणाची कलमे. पर्यावरण अधिनियमाच्या कलम २२ ने दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला आहे. पण तो या अधिनियमाने दिलेल्या अधिकारानुसार केलेल्या कृतीपुरता. अधिकारच नसेल तर हे संरक्षण वापरता येईल का, हा वादाचा मुद्दा होतो. अधिकाराचे कलम नेमके शोधण्याचे महत्त्व इथे पुन्हा दिसते.

या सगळ्या वाचनाला एक मर्यादा आहे. चुकीचे कलम लिहिले एवढ्याच कारणाने आदेश पडत नाही. अधिकार कायद्यात दुसरीकडे त्या पदाला खरोखर असेल, तर न्यायालये चुकीच्या उल्लेखाकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे ‘कलम चुकले’ हे तुमचे मुख्य उत्तर असू नये. ‘या पदाला कुठल्याच कलमाखाली हा अधिकार नाही’ किंवा ‘अधिकार आहे, पण त्याची अट पाळली नाही’ असे दाखवता आले पाहिजे. कारणांचे मात्र वेगळे आहे. वैधानिक आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरते आणि नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितले आहे. म्हणून मूळ नोटीस आणि ती मिळाल्याच्या तारखेचा पुरावा जपून ठेवा.

उत्तर कसे लिहावे

नोटिशीचे उत्तर एका पानात बसते. नोटिशीचा क्रमांक आणि दिनांक लिहून चारही भागांना वेगवेगळे उत्तर द्या. बंदीबाबत: आपण नियम २ मधील प्राधिकरण असल्यास प्राधिकृत करणारा आदेश द्यावा, अन्यथा प्राधिकरणाचा नियम ८ खालचा लेखी आदेश द्यावा. जप्तीबाबत: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली जप्ती केली ते कळवावे आणि पंचनाम्याची प्रत द्यावी. वीजतोडीबाबत: कलम २३ खालची अधिसूचना दाखवावी आणि पर्यावरण (संरक्षण) नियमांतील नियम ४ प्रमाणे हरकतीची मुदत द्यावी. शिक्षेबाबत: घटनेच्या तारखेला लागू असलेले कलम १५ नमूद करावे. उत्तराची पोच घ्या. माहिती मिळाली नाही तर तीच कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागा.

उत्तर देईपर्यंत रात्री दहानंतर लॉनवरचा स्पीकर बंदच ठेवा, कारण ते बंधन नोटिशीतून आलेले नाही, थेट नियम ५ मधून आलेले आहे. आणि पुढे योग्य प्राधिकरणाने नियम ८ खाली आदेश काढला, तर त्याच नियमात तुमच्यासाठीही वाट आहे: आदेश रद्द करावा किंवा बदलावा असा अर्ज करता येतो, म्हणणे मांडण्याची संधी प्राधिकरणाला द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणे नोंदवावी लागतात.